फ्लॅट स्लॅब: कॉलम स्ट्रिपचा वाटा किती आणि तो किती रुंदीत

प्रश्न: ६ मी × ५ मी चे पॅनेल, दोन्ही दिशांना चार-चार गाळे, ५०० × ५०० चे कॉलम, ड्रॉप नाही, कॅपिटल नाही, कडेला बीम नाही. डायरेक्ट डिझाइन मेथडने करतोय. दोन्ही दिशांना पूर्ण भार घ्यायचा म्हणजे भार दोनदा धरला असं नाही का होत? आणि कॉलम स्ट्रिपला ७५ टक्के, ६० टक्के हे आकडे कुठून आले? लांब दिशेला माझी स्ट्रिप २.५ मी येते, आखूड दिशेला ३ मी. बरोबर आहे का?

उत्तर:

३ मीटर चूक आहे. आखूड दिशेलाही स्ट्रिप २.५ मीटरचीच येते. पण त्याआधी भाराची शंका मिटवू, कारण ती मनात राहिली तर पुढचे सगळे आकडे फुगवलेले वाटतात आणि हात आपोआप स्टील कमी करायला जातो.

बीमवर टेकलेल्या टू-वे स्लॅबमध्ये आपण भार दोन दिशांना वाटतो, कारण स्लॅब तो भार बीमवर नेऊन सोडते आणि तिचं काम संपतं. बीम मात्र पुढे तोच भार कॉलमपर्यंत नेतात. तिथेही स्लॅब आणि बीम यांची बेरीज केलीत तर प्रत्येक दिशेला पूर्ण भाराचाच मोमेंट भरतो, फक्त आपण तो दोन वेगळ्या कागदांवर करतो म्हणून लक्षात येत नाही. फळ्यांचा माळा डोळ्यासमोर आणा. फळ्या एका दिशेने पूर्ण भार वाहतात आणि खालच्या तुळया दुसऱ्या दिशेने पुन्हा तोच पूर्ण भार वाहतात. तिथे भार दोनदा धरला असं कोणी म्हणत नाही. फ्लॅट स्लॅबमध्ये तुळई वेगळी नाही, स्लॅबच दोन्ही कामं करते. मिडल स्ट्रिप म्हणजे फळी, तिला आडवी जाणारी कॉलम स्ट्रिप म्हणजे तुळई.

हा गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्लॅट स्लॅबच्या इमारती धडाधड उभ्या राहत होत्या आणि स्टील किती घालायचं यावर प्रत्येकाचं गणित वेगळं होतं. १९१४ साली जे. आर. निकोल्स यांनी साध्या स्टॅटिक्सने दाखवून दिलं की एका पॅनेलचा निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह मिळून मोमेंट एका ठरावीक आकड्याखाली जाऊच शकत नाही. त्यावर बराच वाद झाला, कारण लोड टेस्टमध्ये स्टीलवरचा ताण कमी दिसत होता. तो कमी दिसायचा कारण न तडकलेलं काँक्रीटही ताण घेत होतं. त्यावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही.

स्टॅटिक्स दोन ओळींचं आहे. आतल्या गाळ्याचा अर्धा भाग, कॉलमच्या फेसपासून गाळ्याच्या मध्यापर्यंत, कापून वेगळा काढा. मध्यावर शिअर शून्य. बाजूच्या दोन्ही कडा शेजारच्या पॅनेलच्या मध्यरेषांवर आहेत, सारखेपणामुळे तिथेही शिअर शून्य. या तुकड्यावरचा भार W/2, त्याचा मध्य फेसपासून ln/4 वर. फेसवरचा निगेटिव्ह आणि मध्यावरचा पॉझिटिव्ह या दोघांनी मिळून हा मोमेंट पेलायचा:

```
Mo = (W/2) × (ln/4) = W × ln / 8
W  = w × l2 × ln
```

आयएस 456:2000 मधलं कलम ३१.४ हेच आहे. ln म्हणजे फेस ते फेस, मात्र 0.65 l1 पेक्षा कमी धरायचा नाही. l1 ही ज्या दिशेचा मोमेंट काढतोय त्या दिशेची लांबी आणि l2 तिला आडवी. दिशा बदलली की दोघांची नावं बदलतात. तुमच्या ३ मीटरची चूक याच अदलाबदलीत आहे.

आता तुमचं पॅनेल. जाडी २४० मिमी धरतो, म्हणजे स्वतःचं वजन ६. फिनिश आणि पार्टिशन मिळून २, लाइव्ह ४. एकूण १२, दीडपट करून १८ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. लाइव्ह आणि डेड यांचं गुणोत्तर बरोबर ०.५ आहे. ते याच्या पुढे गेलं तर पॅटर्न लोडिंगसाठी कॉलमचा ताठरपणा तपासावा लागतो आणि कॉलम लवचीक निघाले तर पॉझिटिव्ह मोमेंट वाढवावा लागतो. इथे त्याची गरज पडत नाही. बाकीच्या अटी (किमान तीन सलग गाळे, बाजूंचं गुणोत्तर २ च्या आत, शेजारच्या गाळ्यांत एक-तृतीयांशापेक्षा जास्त फरक नाही, वगैरे) तुमचा ग्रिड पाळतोय.

```
लांब दिशा:  l1 = 6, l2 = 5, ln = 5.5
W  = 18 × 5 × 5.5 = 495 kN
Mo = 495 × 5.5 / 8 = 340.3 kN·m

आखूड दिशा: l1 = 5, l2 = 6, ln = 4.5
W  = 18 × 6 × 4.5 = 486 kN
Mo = 486 × 4.5 / 8 = 273.4 kN·m
```

आतल्या गाळ्यात यातला ६५ टक्के निगेटिव्ह, ३५ टक्के पॉझिटिव्ह. लांब दिशेला २२१.२ आणि ११९.१, आखूड दिशेला १७७.७ आणि ९५.७. इथपर्यंत स्ट्रिपचा संबंध नाही. हा पूर्ण पॅनेल-रुंदीचा मोमेंट आहे.

पुढची पायरी म्हणजे हा मोमेंट रुंदीत कसा पसरलाय ते ठरवणं. कॉलमच्या ओळीवर आडवी रेघ मारून तिच्यावरून चालत गेलात तर निगेटिव्ह मोमेंट कॉलमजवळ एकदम टोकदार वर चढतो आणि दोन कॉलमच्या मधोमध खूप खाली येतो. कारण तिथे स्लॅबला खालून धरणारं काहीच नाही, स्लॅबच स्लॅबला धरून आहे. गाळ्याच्या मध्यावर अशीच रेघ मारलीत तर कॉलम लांब असल्याने मोमेंट बराच सपाट पसरलेला दिसतो. या दोन आकृत्यांना पायऱ्यांचा आकार दिला की आयएसचे आकडे मिळतात: आतल्या सपोर्टवर निगेटिव्हचा ७५ टक्के कॉलम स्ट्रिपला, पॉझिटिव्हचा ६० टक्के. उरलेला मिडल स्ट्रिपला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या पट्ट्यांना.

हे आकडे निसर्गाचा नियम नाहीत. ब्रिटिश बीएस 8110 पॉझिटिव्हला ५५ टक्के द्यायची. स्लॅब तडकल्यावर थोडा मोमेंट इकडून तिकडे सरकतो आणि ते चालतं. आयएस तर निगेटिव्ह-पॉझिटिव्हमध्येही १० टक्क्यांपर्यंत फेरफार करू देते, पण एक अट घालून: Mo ची बेरीज कमी होता कामा नये. एकूण आकडा स्टॅटिक्सचा आहे, तिथे तडजोड नाही. वाटणी अनुभवाची आहे, तिथे थोडी जागा आहे.

आता रुंदी. कलम ३१.१.१ म्हणतं, कॉलमच्या मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला 0.25 l2, पण 0.25 l1 पेक्षा जास्त नाही. लांब दिशेला 0.25 × 5 = 1.25 आणि मर्यादा 0.25 × 6 = 1.5, म्हणून १.२५, दोन्ही बाजू मिळून २.५. आखूड दिशेला 0.25 × 6 = 1.5 येतात, पण मर्यादा 0.25 × 5 = 1.25. म्हणून पुन्हा २.५. थोडक्यात, आखूड बाजू दोन्ही दिशांची कॉलम स्ट्रिप ठरवते आणि आखूड दिशेची मिडल स्ट्रिप उरलेले ३.५ मीटर घेते.

मर्यादेमागे कारण आहे. निगेटिव्ह मोमेंटचा टोकदार भाग किती रुंद, हे गाळ्याच्या लांबीवर ठरतं, आडव्या अंतरावर नाही. कॉलम आडवे लांब-लांब गेले म्हणून ५ मीटरच्या गाळ्याचा टोकदार भाग रुंद होत नाही.

| दिशा आणि ठिकाण | कॉलम स्ट्रिप | प्रति मीटर | मिडल स्ट्रिप | प्रति मीटर |
|---|---|---|---|---|
| लांब, निगेटिव्ह | १६५.९ | ६६.४ | ५५.३ | २२.१ |
| लांब, पॉझिटिव्ह | ७१.५ | २८.६ | ४७.६ | १९.१ |
| आखूड, निगेटिव्ह | १३३.३ | ५३.३ | ४४.४ | १२.७ |
| आखूड, पॉझिटिव्ह | ५७.४ | २३.० | ३८.३ | १०.९ |

तुमच्या ३ मीटरने काय झालं असतं पाहा. आखूड दिशेचा १३३.३ तोच राहिला असता, पण प्रति मीटर ५३.३ ऐवजी ४४.४ आला असता. कॉलमच्या डोक्यावर, जिथे स्टील सर्वात जास्त लागतं, तिथेच १७ टक्के कमी. वाईट गोष्ट अशी की एकूण मोमेंटची बेरीज तपासली तर ती बरोबर जुळते, त्यामुळे चूक पकडली जात नाही. एकदा तपासायला आलेल्या एका ड्रॉइंगमध्ये हीच चूक पाच मजल्यांवर उतरलेली होती. स्प्रेडशीट कोणीतरी चौरस पॅनेलसाठी बनवली होती आणि चौरसात 0.25 l1 ची अट कधी लागूच होत नाही. मला शंका आली ती एवढ्यावरून की पॅनेल आयताकृती असून दोन्ही दिशांच्या मिडल स्ट्रिप बरोबर कॉलम स्ट्रिपएवढ्या रुंद होत्या. आयताकृती पॅनेलमध्ये तसं एकाच दिशेला होऊ शकतं.

स्टीलमध्ये बदलून पाहू. एम 25, एफई 500, १२ मिमीचे बार, कव्हर २५, म्हणजे बाहेरच्या थरासाठी d २०९. लांब दिशेला कॉलम स्ट्रिपच्या निगेटिव्हला ६६.४ साठी साधारण ७९० चौ. मिमी प्रति मीटर लागतात, २.५ मीटरमध्ये १२ मिमीचे १८ बार. मिडल स्ट्रिपला २२.१ साठी हिशोबाने २५० च्या आसपास येतात, पण किमान स्टील ०.१२ टक्के म्हणजे २८८ आहे, तेच घालायचं. म्हणजे या पॅनेलची मिडल स्ट्रिप जवळजवळ सगळीकडे किमान स्टीलवर चालते आणि खरं डिझाइन कॉलम स्ट्रिपमध्येच होतं.

यावरून एक मोह होतो. वरची जाळी पूर्ण पॅनेलभर एकसारख्या अंतराने टाकली तर? एकूण २२१.२ भागिले ५ म्हणजे ४४.२, त्याला सुमारे ५१० चौ. मिमी प्रति मीटर. बांधायला सोपं, एकूण स्टील साधारण तेवढंच. पण कॉलमवर ७९० हवे असताना ५१० पडले. अंतिम भाराला स्लॅब कदाचित सरकून सावरेल, पण सेवेच्या भाराला कॉलमच्या कोपऱ्यांतून निघून बाहेर पसरणाऱ्या भेगा वरच्या बाजूला येतात. फ्लोअरिंगखाली त्या दिसत नाहीत. दिसतं ते आधी वाढलेलं डिफ्लेक्शन. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंचिंगची ताकद कॉलमजवळच्या तडकलेल्या स्लॅबवर अवलंबून असते, आणि तिथे भेगा रुंद झाल्या की तीच ताकद आधी घटते. बीएस 8110 तर याच्या उलट टोकाला जायची: कॉलम स्ट्रिपच्या निगेटिव्ह स्टीलचा दोन-तृतीयांश भाग स्ट्रिपच्या मधल्या अर्ध्या रुंदीत. आयएसमध्ये ही सक्ती नाही, पण मी तसंच करतो. टोकदार आकृतीला पायरी बनवताना जे काही सोडलं ते यातून भरून निघतं.

खरी गंमत कडेच्या गाळ्यात आहे, आणि तुमच्याकडे कडेला बीम नाही म्हणून ती तुम्हाला टाळता येणार नाही. कडेच्या गाळ्यात ६५-३५ चालत नाही. बाहेरचा कॉलम किती ताठ, यावर वाटणी ठरते:

```
αc = ΣKc / Ks
बाहेरचा निगेटिव्ह = 0.65 / (1 + 1/αc)
पॉझिटिव्ह          = 0.63 − 0.28 / (1 + 1/αc)
आतला निगेटिव्ह     = 0.75 − 0.10 / (1 + 1/αc)
```

मजला-उंची ३.५ मीटर धरली तर वरचा-खालचा कॉलम मिळून ताठरपणा स्लॅबच्या ३.१ पट येतो. लांब दिशेला गुणक निघतात ०.४९१, ०.४१८ आणि ०.६७४. दोन निगेटिव्हची सरासरी अधिक पॉझिटिव्ह १ च्या जवळ यायला हवी. इथे १.००१ येते. ही बेरीज मी नेहमी करतो, कारण αc उलटा घेण्याची चूकही कुठे ओरडून सांगत नाही. मोमेंट झाले १६७.३, १४२.३ आणि २२९.५. पहिल्या आतल्या कॉलमवर एका बाजूने २२९.५ आणि दुसऱ्या बाजूने २२१.२ आहेत, मोठा घ्यायचा.

बाहेरच्या कडेवर आयएस १०० टक्के निगेटिव्ह कॉलम स्ट्रिपला देते. मिडल स्ट्रिपला शून्य. कारण दोन बाहेरच्या कॉलमच्या मध्ये कडा मोकळी आहे, स्लॅबच्या टोकाला फिरण्यापासून रोखणारं तिथे काही नाही, आणि ज्याला कोणी रोखत नाही त्यात मोमेंट साठत नाही. कॉलमऐवजी l2 च्या पाऊणपट किंवा जास्त लांबीची भिंत असती तर मोमेंट पूर्ण रुंदीत एकसारखा पसरला असता. तुमच्याकडे ती नाही.

तर १६७.३ भागिले २.५ म्हणजे ६६.९ प्रति मीटर, जवळजवळ आतल्याइतकाच. १२ मिमीचे १८ बार. बरेच जण इथे थांबतात, आणि इथे थांबू नये. आतल्या कॉलमवर दोन्ही बाजूंचे मोमेंट बऱ्याच अंशी एकमेकांना तोलतात. बाहेरच्या कॉलमवर तोलायला पलीकडे स्लॅब नाही, पूर्ण मोमेंट कॉलममध्ये शिरायला हवा. कलम ३१.३.३ सांगतं की त्यातला एक भाग फ्लेक्शरने, कॉलमच्या दोन्ही बाजूंना दीडपट जाडीएवढ्या पट्ट्यातून जातो, उरलेला विकेंद्रित शिअरने. तुमच्या कडेच्या कॉलमसाठी हा भाग सुमारे ६२ टक्के येतो. पट्टा ५०० अधिक दोन वेळा ३६०, म्हणजे १२२० मिमी.

१६७.३ चे ६२ टक्के म्हणजे १०४, ते १.२२ मीटरमध्ये: ८५ प्रति मीटर. त्याला त्या पट्ट्यात १२ मिमीचे १२ बार हवेत. १८ बार एकसारखे टाकले असते तर पट्ट्यात ९ पडले असते. एकही बार वाढवायचा नाही, फक्त जागा बदलायची: १२ बार मधल्या १२२० मध्ये सुमारे १०० मिमी अंतराने, उरलेले ६ दोन्ही बाजूंना तीन-तीन. आणि उरलेला ३८ टक्के मोमेंट पंचिंगच्या तपासणीत न्यायला विसरू नका. कडेच्या कॉलमवर पंचिंग फसतं ते बहुधा याच विसरण्यामुळे.

साइटवर हे कसं उतरतं तेही सांगतो, कारण गणित बरोबर असून जाळी चुकीची बांधलेली मी पाहिली आहे. ड्रॉइंगवर "कॉलम स्ट्रिप १२ मिमी, १४० मिमी अंतर" एवढंच लिहिलं की बारबेंडर स्वतःच्या सोयीच्या कोपऱ्यापासून मोजायला लागतो आणि पट्टा कॉलमवरून अर्धा फूट सरकतो. मी आता स्ट्रिपच्या कडा ग्रिडपासून मापासह दाखवतो, कडेच्या कॉलमचा १२२० चा पट्टा वेगळ्या तपशिलात काढतो आणि बारचं अंतर न देता संख्या देतो. शटरिंगवर जाळी पडण्याआधी या रेषा खडूने मारून घ्यायच्या. मग तपासायला फक्त मोजायचं असतं: कॉलमच्या डाव्या रेघेपासून उजव्या रेघेपर्यंत बारा बार आहेत की नाहीत. आणि वरच्या जाळीवरून माणसं चालून ती २० मिमी दबली असेल तर २०९ चा १८९ होतो, म्हणजे जवळपास १० टक्के ताकद तिथेच गेली. त्यामुळे कडेच्या कॉलमभोवती चेअर दाट ठेवा.

शेवटी एक गोष्ट, जी मला दरवेळी विचारावी लागते: इमारतीच्या कडेला समांतर जाणारी पट्टी. तिला l2 पूर्ण ५ नाही. कडेच्या कॉलमच्या मध्यरेषेपासून आत अर्धं पॅनेल, म्हणजे २.५, अधिक बाहेर स्लॅबच्या टोकापर्यंत जे काही आहे ते. तुमची स्लॅब कॉलमच्या बाहेरच्या फेसशी संपते, म्हणून २.७५. त्या दिशेचा Mo या रुंदीवर नव्याने काढा, आतल्या पॅनेलचा अर्धा करून टाकू नका. कडेला भिंत येणार असेल तर तिचं वजन त्या पट्टीवर वेगळं मिळवा, ते १८ मध्ये धरलेलं नाही.